पाया आणि नळी: आत काय असतं, मऊ व्हायला किती वेळ लागतो

प्रश्न: सासऱ्यांच्या पायाचं हाड मोडलंय म्हणून घरचे म्हणतात रोज पाया सूप दे. मी बकऱ्याचे पाय आणि नळ्या एकत्र कुकरला लावते, पाच-सहा शिट्ट्या करते, तरी पाया रबरासारखाच राहतो आणि नळ्या मात्र रिकाम्या निघतात, मगज कुठे जातो कळत नाही. या दोन्हीत नेमकं असतं काय आणि मऊ व्हायला किती वेळ लागतो?

उत्तर:

ताई, पहिले वेळ सांगून टाकते म्हंजे तुमचं आजचं काम अडणार नाही. कोवळ्या बकऱ्याचे पाय कुकरमध्ये पहिली शिट्टी झाल्यानंतर बारीक गॅसवर पाऊण तास, मोठ्या बोकडाचे किंवा म्हाताऱ्या बकरीचे तास ते सव्वा तास. उघड्या पातेल्यात केलं तर चार तास, जून जनावर असेल तर सहासुद्धा. आणि नळीतल्या मगजाला पंधरा-वीस मिनिटं, तीही कुकरच्या प्रेशरशिवाय. म्हणजे तुम्ही जे एकत्र लावताय त्यात एकाला लागतो तास आणि दुसऱ्याला पाव तास, आणि तुम्ही थांबताय मधेच कुठेतरी, त्यामुळे पाया अर्धाच होतो आणि मगज जरुरीपेक्षा जास्त होऊन रश्श्यात उतरतो. गेला कुठे नाही तो, वरती जी पिवळी तर्री दिसते ना त्यात आहे.

आता असं का होतं ते. मी अमळनेरकडे मटणाची खानावळ चालवते, त्याआधी होमसायन्स शिकलेय, त्यामुळे थोडं पुस्तकातलं आणि बरंचसं चुलीवरचं असं दोन्ही सांगते.

पाया हातात घेऊन नीट बघा, त्यात आपण ज्याला मटण म्हणतो ते लाल मांस जवळपास नसतंच. गुडघ्याच्या खाली जनावराला फक्त चालवायला लागणारं सामान असतं, कातडी, हाडाला धरून ठेवणारे पांढरे दोर म्हंजे स्नायुबंध, सांध्यातली कुर्ची, हाड आणि थोडी चरबी. या सगळ्यात मुख्य प्रथिन एकच, कोलॅजन. या कोलॅजनचे तीन तीन धागे दोरीसारखे एकमेकात पिळलेले असतात आणि त्या पिळांच्या जुड्यांना आडवे टाके घातलेले असतात. जनावर जितकं वयाचं तितके हे टाके जास्त आणि पक्के, म्हणून करडाचा पाया पटकन होतो आणि जुन्या बकरीचा होत नाही. भूगोल, पाणी, मीठ याच्याशी त्याचा फार संबंध नाही, वयाशी आहे. खाटकाला विचारायची गोष्ट तीच, बकरा किती मोठा होता. नाही सांगितलं तरी कळतं, कोवळ्याचा पाय बारीक आणि हलका असतो, जुन्याचं खूर रुंद, झिजलेलं आणि नळीचं हाड जाड.

हे कोलॅजन शिजताना दोन टप्प्यात वागतं आणि सगळी फसगत इथेच होते. पाण्याचं तापमान साधारण साठ-पासष्ट डिग्रीच्या पुढे गेलं की ते पहिले आकसतं. आकसलं की पाया कच्च्यापेक्षाही कडक लागतो, चामट, दाताने तुटत नाही. माणूस बोटाने दाबून बघतो आणि म्हणतो हा काही शिजायचा नाही, जनावरच वाईट दिलं. जनावर बरं असतं, तुम्ही मधल्या टप्प्यावर झाकण उघडलेलं असतं. पुढे तेच कोलॅजन गरम पाण्यात हळूहळू उलगडत जातं, टाके सुटतात, पीळ सुटतो आणि त्याचं जिलेटिन होतं, जे पाण्यात विरघळतं. हाताला आणि ओठाला जो चिकटपणा लागतो तो या जिलेटिनचा. हे उलगडणं घाईचं काम नाही, त्याला पाणी पाहिजे, उष्णता पाहिजे आणि मुख्य म्हणजे वेळ पाहिजे. आमच्याकडे कामाला मावशी आहेत त्या पातेल्यात डाव घालून एक तुकडा उचलतात, नुसतं बघतात आणि म्हणतात, "पाय आजून कच्चा शेतस". त्या स्नायुबंधाचा रंग बघतात. दुधासारखा पांढरा असेल तर कच्चा, काचेसारखा आरपार व्हायला लागला की झाला.

शिट्ट्या मोजण्याचं पण सांगते कारण अर्ध्या तक्रारी त्याच्याच असतात. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडली एवढंच. मोठ्या गॅसवर पाच शिट्ट्या आठ-दहा मिनिटात होतात, बारीक गॅसवर त्याच पाच शिट्ट्यांना अर्धा-पाऊण तास लागू शकतो. रिंग जुनी असेल, पाणी कमी असेल तर अजून वेगळंच. डाळ-भाताला चालून जातं ते, पायाला नाही. कुकर पूर्ण प्रेशरला आला की आतलं पाणी शंभरऐवजी एकशेवीस डिग्रीच्या आसपास असतं, आणि मोटामोटी हिशोब असा की दर दहा डिग्रीला काम दुप्पट वेगाने होतं, म्हणून पातेल्यातले चार तास कुकरमध्ये एक तास होतात. पण तो तास पूर्ण प्रेशरवरचा मोजायचा. पहिली शिट्टी झाली की गॅस इतका बारीक करायचा की मधून मधून फुसफुसेल, एखादी शिट्टी होईल, आणि मोबाईलला टायमर लावायचा. शिट्ट्या विसरून जा.

आता तुमच्यासाठी एकदाचं सगळं करून दाखवते, एका बकऱ्याचे चार पाय, साधारण अर्धा किलोच्या आसपास भरतात, आणि चार नळ्यांचे तुकडे. घरात पाच लिटरचा कुकर आहे असं धरते.

पाय खाटकाकडूनच भाजून घ्या. तो बर्नरवर केस जाळतो, आणि गरम असतानाच खुरांची टोपणं पिळून काढतो, थंड झाल्यावर ती निघत नाहीत, मग घरी मारामारी होते. त्याला सांगायचं की प्रत्येक पायाचे तीन तुकडे कर, सांध्यावर कापायचं, हाडाच्या मधे घाव घालायचा नाही, नाहीतर हाडाचा चुरा रश्श्यात येतो आणि म्हाताऱ्या माणसाच्या घशात जायची भीती. घरी आल्यावर सुरीच्या पाठीने जळालेला काळा थर खरवडा, खुरांच्या बेचक्यात ब्रश घाला, घाण सगळी तिथे असते. मग हळद आणि मूठभर गव्हाचं पीठ किंवा बेसन लावून चोळायचं, पाच-दहा मिनिटं ठेवून धुवायचं. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, कंटाळा करू नका, पायाला जो उग्र वास येतो म्हणतात तो बहुतेक वेळा अर्धवट जळालेल्या केसांचा असतो.

त्यानंतर पाय बुडतील एवढ्या पाण्यात टाकून एक सणसणीत उकळी काढायची, पाच मिनिटं, वर राखाडी फेस येतो, ते पाणी सगळं फेकून द्यायचं. पौष्टिक गेलं म्हणून हळहळायची गरज नाही, पाच मिनिटात कोलॅजन बाहेर येत नाही, जातं ते रक्त आणि काजळी.

आता कुकरमध्ये पाय, दीड लिटर ताजं पाणी, आल्याचा ठेचलेला तुकडा, आठ-दहा लसणाच्या पाकळ्या, हळद, एक कांदा आणि थोडं मीठ. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही, कारण जिलेटिनवालं पाणी फेसाळतं आणि शिट्टीच्या भोकात चिकटून बसतं, मग ते भोक बंद झालं तर धोका. मोठ्या गॅसवर पहिली शिट्टी, मग बारीक, पंचेचाळीस मिनिटं. गॅस बंद केल्यावर प्रेशर आपोआप उतरू द्या, पंधरा-वीस मिनिटं जातात त्यात, ती पण शिजण्यात धरा. वरून थंड पाणी ओतून घाईने उघडलं तर आत एकदम धडाधड उकळतं, चरबी पाण्यात फेटली जाते आणि सूप गढूळ, दुधट होतं. चवीला बिघडत नाही फार पण दिसायला घाण.

उघडल्यावर बघायचं काय, तर कातडी दोन बोटात दाबून बघा, चिमटीत तुटली पाहिजे, नुसती दबून परत वर आली तर नाही झाली. बोटांच्या सांध्याला हलकं ओढा, हाड सुटून हातात यायला पाहिजे. आणि सूप अंगठा-तर्जनीत घेऊन चिमूट उघड-मीट करा, चिकट लागलं पाहिजे. खात्री करायची असेल तर एका ताटलीत चमचाभर सूप घालून फ्रीजमध्ये ठेवा, थोड्या वेळात थलथलीत जेलीसारखं जमलं तर भरपूर जिलेटिन उतरलंय. नाही झालं तर परत झाकण लावून पंधरा मिनिटं, मग परत बघायचं. पाणी आटलं असेल तर कढत पाणीच घाला. आणि हो, जास्त पण होतं बरं का, दोन-दोन तास प्रेशरला ठेवलं तर कातडी पार विरघळून जाते, हातात नुसती हाडं येतात, आणि जिलेटिनचे धागे पण तुटून इतके छोटे होतात की सूप थंड करून जमतच नाही.

टमाटं घातलं की पाय शिजत नाहीत असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. ते डाळीचं खरं आहे, आंबटाने डाळ दाठरते, आणि आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने पण. पायाला ते लागू नाही, आंबटाने कोलॅजन उलट थोडं लवकरच सुटतं. तरी मी टमाटं शेवटी घालते ते चवीसाठी. पपईचं पण तेच, कच्ची पपई मटणाच्या तुकड्यांना ठीक आहे, जाड कातडीच्या अख्ख्या पायात ती आत शिरतच नाही आणि पाणी उकळलं की तिचा जोर संपतो.

आता नळी. नळीत जे असतं ते पायात असतं त्याच्या अगदी उलट. मगज म्हणजे मुख्यतः चरबी. मोठ्या जनावराच्या लांब हाडातला पिवळट मगज जवळपास सगळा चरबीचाच, कोवळ्याच्या नळीत तो गुलाबी-लालसर असतो, त्यात पाणी आणि रक्त बनवणाऱ्या पेशी जास्त, थोडं लोह, थोडं बी बारा. पण एका नळीत निघतो किती, चमचा-दीड चमचा, त्यामुळे त्याला औषध समजू नका, चव समजा. त्यात कोलॅजनची दोरी नाही, उलगडायचं काही नाही, म्हणून त्याला वेळ लागत नाही. नुसता गरम झाला पाहिजे आतपर्यंत. झाल्याची खूण म्हणजे गुलाबी रंग जाऊन फिकट राखाडी-बदामी होतो, कडेने हाडापासून सुटतो, आणि नळी ताटात आपटली की सुळकन बाहेर येतो. त्याच्या पुढे ठेवला की वितळून तेल होतं आणि दोन्ही बाजूने उघडी नळी असेल तर वाहून जातं.

म्हणून तुम्ही असं करा, पाय पूर्ण शिजले, कुकर उघडला, की नळ्या त्या गरम सुपात टाका आणि झाकण नुसतं वर ठेवून मंद गॅसवर वीस मिनिटं. खळखळ उकळू द्यायचं नाही, कडेला बारीक बुडबुडे येतील एवढंच. नळीवर मांस असेल तर मात्र ते वीस मिनिटात शिजणार नाही, ती मटणाबरोबरच कुकरला लावावी लागते. तेव्हा खाटकाला सांगायचं की नळी एकाच टोकाला उघड, दुसरा सांधा तसाच ठेव. आणि दोन्हीकडून उघडीच आली तर कणकेचा घट्ट गोळा करून दोन्ही तोंडांना बूच मारा, शिजून ती कणीक कडक होते, मगज आतच राहतो, जेवताना काढून टाकायची. खानावळीत एवढं कोण करतं म्हणा, पण घरी चार नळ्यांना काय लागतं.

अजून एक गंमत, पायाच्या हाडात पण पोकळी असते आणि त्यातला मगज तर मटणाच्या चरबीपेक्षा पातळ, थंड झाला तरी लोण्यासारखा मऊच राहतो. जनावराचे पाय अंगापेक्षा थंड असतात, तिथली चरबी घट्ट होणारी असती तर चालायची पंचाईत, म्हणून निसर्गाने खालच्या टोकाला वेगळी चरबी दिलीय. त्यामुळे मटणाचा रस्सा थंड झाल्यावर टाळूला जसा मेणासारखा चिकटतो तसं पाया सुपाचं होत नाही.

मसाल्याचं थोडक्यात. आपला खान्देशी मसाला, भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि काळा मसाला वाटलेला, हा कुकरमध्ये पहिल्यापासून टाकू नका. तासभर प्रेशरवर खोबरं खाली बसतं, बुडाला लागतं, आणि भाजल्याचा वास उडून जातो. सूप आधी, मसाला वेगळ्या पातेल्यात तेलात परतून मग त्यात सूप आणि पाय ओतायचे, नळ्या पण याच वेळी, वीस मिनिटं दोघांचं काम होऊन जातं. खोबरं नेहमीच्या निम्मंच घ्या, दाटपणा जिलेटिन देतंच. आजारी माणसाचं सूप मसाला घालण्याआधीच बाजूला काढून त्यात मिरेपूड, मीठ आणि लिंबू बस.

चुलीवर करणार असाल तर पऱ्हाट्या नकोत, भडकतात आणि विझतात, पातेलं एकदा खळखळतं एकदा गार. बाभळीचं जाड लाकूड लावा, निखारे धरून राहतात. पाणी दर तासाला बघायचं.

सासऱ्यांच्या हाडाबद्दल स्पष्टच सांगते, रागावू नका. लोकांना वाटतं हाड उकळलं म्हणजे त्यातलं कॅल्शियम सुपात आलं, तसं होत नाही. हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारच थोडं उतरतं, लिंबू-व्हिनेगर घातलं तरी किंचित वाढतं, बस. एका पेलाभर दुधापुढे वाटीभर सूप काहीच नाही. आणि कोलॅजन खाल्लं म्हणजे ते जसंच्या तसं मोडलेल्या हाडाला जाऊन लागतं असंही नाही, पोटात ते सुटं सुटं होऊनच रक्तात जातं. शिवाय ते अपुरं प्रथिन आहे, ट्रिप्टोफॅन नावाचा एक जरुरी घटक त्यात नसतोच, त्यामुळे नुसत्या सुपावर माणसाचं प्रथिन भागत नाही. सूप गरम आहे, घशाखाली उतरतं, तोंडाला चव येते, आजारी माणूस त्यासोबत दोन घास जास्त खातो, हा त्याचा खरा फायदा. मग ते घास चांगले द्या. कळण्याची भाकरी कुस्करून द्या, त्यात ज्वारीसोबत उडीद असतो, तो पायाची उणीव भरतो. सोबत दूध, दही, अंडं, डाळ. आठवड्यात दोनदा पाया पुरे, रोजची धावपळ करू नका. त्यांना किडनीचा, युरिक ॲसिडचा किंवा हार्टचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरला विचारा, आणि तसंही वरची तर्री काढूनच द्या.

तर्री काढायची सोपी पद्धत म्हणजे सूप फ्रीजमध्ये ठेवायचं, खाली जेली जमते आणि वर चरबीचा थर, तो चमच्याने खरवडून घ्यायचा. पण फ्रीजमध्ये ठेवायचंच. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो आणि कोमट पाया सूप जंतूंना वाढायला अगदी पाहिजे तसं असतं. रात्रभर निखाऱ्यावर पातेलं ठेवायची जुनी रीत चालते ती पातेलं पूर्ण रात्र कढत राहिलं तरच, निखारे मध्यरात्री विझले तर सकाळी ते सूप कोणाला देऊ नका, परत उकळलं तरी नको. शिजल्यावर उथळ पातेल्यात ओतून पंख्याखाली निववा, दोन तासाच्या आत फ्रीजमध्ये टाका, उन्हाळ्यात तासाभरातच, तीन दिवसात संपवा, आणि प्रत्येक वेळी लागेल तेवढंच काढून चांगली उकळी येईपर्यंत गरम करा. नळ्या मात्र साठवू नका, दुसऱ्यांदा गरम करताना मगज हमखास वितळतो, त्या त्याच दिवशी खाऊन टाका.